नारळी-पोफळीच्या वाडीला ठिबक: विहीर मोजण्यापासून मे अखेरीला नळ्या गुंडाळेपर्यंत

आमची संस्था गुहागर तालुक्यातल्या नारळ-सुपारीवाल्यांची. गेल्या काही वर्षांत सभासदांच्या वाड्यांमध्ये ठिबक बसलं. कुठे चांगलं चाललं, कुठे दुसऱ्याच वर्षी नळ्या गोठ्याच्या माळ्यावर गेल्या. नवीन सभासद फोन करून पहिला प्रश्न विचारतात, "एकरी किती खर्च येतो?" खरं तर तो चौथा-पाचवा प्रश्न आहे. पहिला प्रश्न विहिरीचा. म्हणून एका सभासदाच्या 20 गुंठ्यांच्या वाडीचा हिशोब पुढे सुरुवातीपासून मांडला आहे. त्यांच्याकडे 24 नारळ आणि 110 पोफळी आहेत, 3 मीटर व्यासाची जांभ्यात बांधलेली विहीर आहे आणि तिच्यावर 1 एचपीचा पंप. वाडी तीन टप्प्यांवर उतरत जाते. तुमची झाडं कमी-जास्त असतील, पण रीत हीच.

1. विहीर एका दिवसात किती भरते ते मोजा

हे काम मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलमध्ये करा. डिसेंबरमध्ये मोजाल तर सगळ्याच विहिरी श्रीमंत दिसतात.

सकाळी नेहमीसारखी वाडी शिंपून झाली की पंप बंद करा. दोरीला दगड बांधून विहिरीत सोडा आणि पाण्याच्या पातळीशी दोरीला गाठ मारा. दुसऱ्या दिवशी सकाळी पंप लावण्याआधी पुन्हा मोजा. पातळी जितकी वर आली तितकं तुमचं रोजचं उत्पन्न. 3 मीटर व्यासाच्या विहिरीत 1 सेंटिमीटर पाणी म्हणजे साधारण 70 लिटर. आमच्या सभासदांच्या विहिरीत एप्रिलमध्ये पातळी 56 सेंटिमीटर चढली, म्हणजे दिवसाला सुमारे 4,000 लिटर. व्यास वेगळा असेल तर व्यास गुणिले व्यास गुणिले 7.85 करा. व्यास मीटरमध्ये घेतला की उत्तर दर सेंटिमीटरला लिटरमध्ये मिळतं.

आता पाटाचा हिशोब बघा. ते दर तिसऱ्या दिवशी तीन तास पंप चालवून पाटाने आळी भरत. बादली आणि घड्याळ घेऊन मोजलं तर पंप तासाला साधारण 5,300 लिटर ओढत होता. तीन तासांचे 16,000, म्हणजे रोजचे सरासरी 5,300 लिटर. विहीर देते 4,000. तूट रोज 1,300 लिटरची. म्हणूनच दरवर्षी एप्रिलच्या मध्यावर पंप गुळण्या टाकायला लागायचा आणि खालच्या टप्प्यातल्या पोफळी कोवळी सुपारी गाळायच्या.

खाडीकाठच्या सभासदांनी याच वेळी पाणी चाखूनही बघावं. मार्चनंतर मचूळ लागत असेल तर बाटलीभर पाणी माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत देऊन क्षारता तपासून घ्या. नारळ मचूळ पाणी बऱ्यापैकी सोसतो, पोफळ सोसत नाही. अशा ठिकाणी विहीर तळापर्यंत उपसणं सगळ्यात वाईट, कारण गोडं पाणी हटलं की खारं आत सरकतं.

2. झाडाची गरज आणि ड्रिपरची संख्या

कोकणात मोठ्या नारळाला ठिबकने हिवाळ्यात रोज 30 आणि उन्हाळ्यात 40 लिटर पाणी धरतात. मोठ्या पोफळीला उन्हाळ्यात साधारण 20 लिटर. आमच्या वाडीला हे लावलं तर नारळाचे 960 आणि पोफळीचे 2,200, मिळून 3,160 लिटर. विहीर 4,000 देते. म्हणजे भर उन्हाळ्यातही रोज आठशे लिटर विहिरीत राहतं. ठिबकचा फायदा हाच, आणि तो मोजून दाखवता येतो.

वीजबिल निम्मं होतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आधी पंप तीन दिवसांतून तीन तास चालायचा, आता रोज सव्वा तास चालतो. वीज वाचत नाहीच. फरक पडला तो पाण्यात आणि माणसात. आधी तीन तास फावडं घेऊन आळ्याआळ्याला बांध फोडत फिरावं लागे, आता कॉक फिरवून चहा प्यायला येता येतं. गडी मिळतच नाही तिथे ही गोष्ट लहान नाही.

ड्रिपर असे बसवलेत: नारळाला ताशी 8 लिटरचे चार, पोफळीला तेच दोन. सव्वा तासात नारळाला 40 आणि पोफळीला 20 लिटर बरोबर पडतात, दोघांसाठी वेगळी वेळ ठेवावी लागत नाही. नारळाचे ड्रिपर बुंध्यापासून एक ते सव्वा मीटरवर चारी बाजूंनी असावेत. बुंध्याला चिकटून लावलेला ड्रिपर फुकट, पाणी पिणारी मुळं तिथे नसतात. पोफळीला दोन बाजूंनी, हात-दीड हातावर. मध्ये केळी, जायफळ किंवा मिरी असेल तर त्यांना वेगळे ड्रिपर द्या. पाटाच्या पाण्यात ती आपोआप भिजायची, ठिबकमध्ये त्यांना कुणी विचारत नाही. आमच्या एका सभासदांची जायफळाची तीन झाडं अशीच वाळली, आणि त्यांनी दोष ठिबकला दिला.

3. उतार असेल तर पीसी ड्रिपरच घ्या

आराखडा करताना सगळ्यात जास्त फसगत इथे होते. पीसी, म्हणजे प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर, आतल्या रबरी पडद्यामुळे दाब थोडा कमी-जास्त झाला तरी तेवढंच पाणी टाकतो. साधा ड्रिपर दाबाप्रमाणे सोडतो. दहा मीटर उतारावर दाबात एक किलोचा फरक पडतो, आणि कोकणात सपाट वाडी आहे कुणाची?

आमच्या या सभासदांना पहिल्यांदा विक्रेत्याने साधे ड्रिपर बसवून दिले. वरचा टप्पा खालच्यापेक्षा सहा मीटर उंच. महिन्याभरात खाली चिखल आणि वर माती भुरभुरीत. त्यांनी घरातलं माप घेऊन सहा मिनिटं वरच्या ड्रिपरखाली धरलं, मग खालच्या. ताशी 8 लिटरचा ड्रिपर सहा मिनिटांत 800 मिली द्यायला हवा. वर आले 570, खाली 840. सगळे ड्रिपर बदलावे लागले. एक ड्रिपर सहा रुपयांचा, पण नळीतून उपटून काढलेल्या ड्रिपरच्या भोकातून पाणी फवारतं. तिथे बूच मारत त्यांचे दोन दिवस गेले.

दुसरा गैरसमज टाकीचा. "आमची टाकी वर कातळावर आहे, पंप कशाला?" टाकी झाडांपेक्षा तीन मीटर वर असली तर दाब मिळतो 0.3 किलो. एवढ्यात पीसी ड्रिपर नीट काम करत नाही, आणि फिल्टरमध्येच त्यातला बराच दाब खर्च होतो. साधारण एक किलो, म्हणजे दहा मीटर उंची मिळत असेल तरच गुरुत्वाचा विचार करा.

पंप मोठा आणि ठिबक लहान ही अडचण उलट बाजूची. आपले सगळे ड्रिपर मिळून तासाला 2,500 लिटरच पितात, पंप ओढतो त्याच्या दुप्पट. उरलेलं पाणी बायपासने विहिरीत परत सोडावं लागतं, नाहीतर जोड सुटतात. "बायपास नको, पाचशे वाचतील" म्हणणारा फिटर भेटला तर दुसरा बघा.

4. लाल पाणी

आपल्या जांभ्यातल्या विहिरींच्या पाण्यात लोह असतं. काढलं तेव्हा पाणी स्वच्छ दिसतं, हवा लागली की तांबूस होतं. ठिबकच्या नळीत हेच घडतं आणि ड्रिपरची भोकं आतून गंजासारख्या साक्याने बुजतात.

तपासायला काही लागत नाही. पांढऱ्या काचेची बाटली पंपाच्या पाण्याने अर्धी भरा, हलवा आणि झाकण उघडं ठेवून रात्रभर राहू द्या. सकाळी तळाशी तांबडा गाळ किंवा वर तेलकट दिसणारा पापुद्रा असेल तर विहिरीतून थेट ठिबक जोडू नका. पाणी आधी टाकीत उंचावरून धबधब्यासारखं पडू द्या, रात्रभर निवळू द्या, आणि तळापासून वीतभर वर बसवलेल्या तोटीतून दुसऱ्या दिवशी ठिबकला सोडा. म्हणजे टाकी आणि टाकीपासून छोटा पंप, हा खर्च वाढला. 2,000 लिटरची प्लास्टिक टाकी आमच्याकडे 13 ते 15 हजारांना पडते, आणि 3,160 लिटरला अशा दोन लागतात. लाल पाणीवाल्यांनी हा आकडा पहिल्या दिवसापासून हिशोबात धरावा.

तरीही वर्षातून एकदा, हंगाम संपताना, नळ्यांना आम्लाची मात्रा द्यावी लागते. पहिल्या वेळी माहितगार माणूस सोबत घ्या. दोन गोष्टी मात्र पाठ करा: आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. आणि आम्ल व ब्लीचिंग पावडर एकाच दिवशी, एकाच बादलीत, एकाच नळीत येऊ देऊ नका. त्यातून विषारी वायू निघतो.

5. खर्च, कोटेशनप्रमाणे

या 20 गुंठ्यांसाठी सभासदांना आलेला खर्च, कर धरून, पुढीलप्रमाणे. दर दुकानागणिक दहा-पंधरा टक्के हलतात.

- 16 मिमीची लॅटरल नळी, 850 मीटर, 11 रुपयांनी: 9,350
- पीसी ड्रिपर, 330 नग (14 जादा): 1,980
- 63 मिमीचा पीव्हीसी पाइप, मुख्य आणि उपमुख्य मिळून 105 मीटर: 7,875
- डिस्क फिल्टर: 4,500
- बायपास, व्हॉल्व्ह, दाबमापक, हवेचा व्हॉल्व्ह: 4,000
- खत सोडायची व्हेंच्युरी: 1,500
- जोड, ग्रोमेट, एंड कॅप: 1,500
- जांभ्यात चर खोदणं आणि बसवण्याची मजुरी: 5,000

एकूण 35,705 रुपये. पंप आणि विहीर आधीपासून होती. व्हेंच्युरी पहिल्या वर्षी नाही घेतली तरी चालेल, तिची जागा मात्र पाइपात ठेवून घ्या. नळी आणि ड्रिपर आयएसआय शिक्क्याचेच घ्या. नळीवर आयएस 12786 आणि ड्रिपरला आयएस 13487 हे मानक. बिनशिक्क्याची नळी मीटरला तीन रुपयांनी स्वस्त मिळते, पण उन्हात दोन वर्षांत चिरते, शिवाय अनुदानाला चालत नाही.

6. अनुदान: खरेदीच्या आधी

केंद्राच्या "प्रति थेंब अधिक पीक" योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के मिळतात. राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेची पूरक रक्कम धरली की ते 80 आणि 75 टक्क्यांपर्यंत जातं. टक्केवारी, निधी आणि निवडीची पद्धत बदलत असते, म्हणून अर्ज करण्याआधी तालुका कृषी कार्यालयात जाऊन या वर्षीचं विचारून घ्या. गेल्या वर्षी शेजाऱ्याला काय मिळालं यावर पैशांची जुळणी करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 80 टक्के हे तुमच्या बिलाचे नसतात. झाडांच्या अंतराप्रमाणे सरकारने ठरवलेला मापदंड असतो, त्याच्या 80 टक्के. समजा तुमच्या वाडीला मापदंडाने 22,000 रुपये बसले, तर अनुदान 17,600. बिल 35,705 झालं असेल तर खिशातून 18,105 जातात. शिवाय आधी पूर्ण रक्कम तुम्ही भरता आणि अनुदान नंतर आधार जोडलेल्या खात्यात येतं. त्याला महिने लागू शकतात. उधारीवर माल घेऊन अनुदानाच्या भरवशावर राहिलेल्या सभासदांची पतपेढीत जी पळापळ झाली ती आम्ही पाहिली आहे.

क्रम असा:

mahadbt.maharashtra.gov.in वर शेतकरी ओळख क्रमांकाने अर्ज करा. निवड झाल्यावर कागदपत्रं चढवा. मग पूर्वसंमती येते. पूर्वसंमतीनंतरच, तिच्यावर दिलेल्या मुदतीत, नोंदणीकृत विक्रेत्याकडून खरेदी करा, बसवून घ्या आणि बिल चढवा. त्यानंतर कृषी खात्याचा माणूस जागेवर येऊन तपासतो. पूर्वसंमतीआधीच्या तारखेचं बिल असेल तर अर्ज तिथेच संपतो, मग कितीही विनवण्या करा. आणि एकदा लाभ घेतला की त्याच क्षेत्राला सात वर्षं पुन्हा मिळत नाही.

लागणारे कागद:

- सातबारा आणि आठ-अ, ताजे
- आधार, आणि आधार जोडलेलं बँक पासबुक
- पाण्याच्या साधनाची नोंद आणि पंपाचं वीजबिल
- सामाईक खातं असेल तर सहखातेदारांचं संमतीपत्र
- विक्रेत्याचं कोटेशन आणि आराखडा
- लागू असेल तर जातीचा दाखला

या यादीतली दोन कलमं कोकणात घाम काढतात. पहिलं संमतीपत्र. आपल्याकडे सातबाऱ्यावर दहा-बारा नावं सहज निघतात, निम्मी मुंबईत, दोन-चार देवाघरी. आमच्या या सभासदांच्या सातबाऱ्यावर त्यांच्या आत्याचं नाव होतं, आत्या गेल्याला अकरा वर्षं झालेली. वारस नोंद होईपर्यंत तो हंगाम गेला. आता आम्ही सांगतो की सह्या गणपतीत घ्या. सगळे चाकरमानी घरी असतात आणि कुणाला कुरिअर पाठवावं लागत नाही. पण आरतीनंतर, जेवणाच्या आधी. जेवल्यावर वाटणीचा विषय निघतो.

दुसरं विहिरीची नोंद. आजोबांनी खोदलेली विहीर सातबाऱ्यावर नसतेच. तलाठ्याकडे अर्ज देऊन ती आधी चढवून घ्या, आणि ई-पीक पाहणीत नारळ-सुपारीही लावा. सातबाऱ्यावर पीक "गवत" आणि जागेवर पोफळी असं निघालं तर तपासणीवेळी खुलासे देत बसावं लागतं.

7. बसवल्यावर पैसे देण्याआधी

पहिलं पाणी सोडताना सगळ्या नळ्यांची टोकं उघडी ठेवा. पाइप कापतानाचा भुसा आणि माती बाहेर पडू दे, मगच एंड कॅप लावा. हे न करता ड्रिपर चालू केले तर ते पहिल्याच दिवशी अर्धवट बुजतात.

मग मापाची चाचणी. वरच्या, मधल्या आणि खालच्या टप्प्यावर प्रत्येकी चार ड्रिपर निवडा, एक नळीच्या सुरुवातीचा आणि एक शेवटचा असलाच पाहिजे. प्रत्येकाखाली सहा मिनिटं माप धरा. 720 ते 880 मिलीच्या आत सगळे आले तर काम चांगलं. एखादाच कमी असेल तर ड्रिपर बदला. ओळीतले शेवटचे सगळे कमी असतील तर नळी लांब झाली आहे किंवा कुठेतरी मुरगळली आहे. अख्खा टप्पा कमी असेल तर आराखडाच चुकला, तेव्हा फिटरला तिथेच थांबवा. हे आकडे वहीत लिहा, पुढच्या वर्षी तुलना करायला लागतील.

8. सुरुवात कधी आणि रोज काय

जुनी वाडी एप्रिलमध्ये पाटावरून ठिबकवर आणू नका. मुळं आळंभर पसरलेली असतात, ओलावा अचानक चार ठिकाणी आखडला की पोफळ कोवळी फळं टाकते. पावसाळा संपल्यावर जमीन ओली असतानाच, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सुरू करा. मुळं हळूहळू ओलीकडे वळतात. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या सभासदांनी पहिल्या वर्षी बजावलं होतं, "चमच्याने पाजून माणूस जगत नाही, माड काय जगणार!" त्यांनी पहिला हंगाम अर्धी वाडी पाटावर ठेवली. वाईट कल्पना नव्हती. धास्ती असेल तर तसं करा.

ड्रिपरखाली झावळं किंवा पोफळीच्या विऱ्या अंथरा, ओल टिकते. पण मधून मधून ती बाजूला करून ड्रिपर टपकतोय ना ते बघा, कारण बुजलेला ड्रिपर आच्छादनाखाली दिसत नाही, झाड पिवळं पडल्यावर कळतो.

फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाब बघत राहा. फरक 0.2-0.3 किलोच्या वर गेला की चकत्या काढून धुवा. लाल पाणी असेल तर हे रोजचं काम आहे. पंधरवड्यातून एकदा एंड कॅप उघडून प्रत्येक नळी स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या.

नळ्यांचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे गवत कापायचं मशीन. एका सकाळी कामगाराने आमच्याकडे एकोणीस ठिकाणी नळी तोडली, त्याला ती गवतात दिसलीच नाही. आता ओळीच्या टोकाला पांढरी फडकी बांधतो आणि नळीलगतचं गवत कोयत्याने काढतो. पडणारा नारळ आणि झावळ ड्रिपर मोडतात, उंदीर आणि साळिंदर नळी कुरतडतात. म्हणून दहा-बारा जोड आणि वीसेक ड्रिपर घरात कायम ठेवा. एवढ्याशा जोडासाठी तालुक्याला जाऊन यायला अर्धा दिवस मोडतो.

मे अखेरीला, पहिल्या वळवानंतर, नळ्या आम्लाने आणि मग पाण्याने धुऊन घ्या. एंड कॅप काढा, प्रत्येक ओळ वेगळी गुंडाळा आणि तिला टप्प्याचं नि ओळीचं नाव लिहिलेली चिठ्ठी बांधा. माळ्यावर टाकताना वेटोळी जमिनीवर ठेवू नका, तारेला टांगा. जमिनीवरची वेटोळी उंदरांना घरासारखी वाटतात. फिल्टर उघडून, वाळवून, रबरी रिंगला ग्रीस लावून वेगळा ठेवा, आणि पुरलेल्या पाइपाची तोंडं बांधून टाका. नाहीतर पावसात बेडूक आत जातात आणि ऑक्टोबरमध्ये पहिलं पाणी सोडलं की फिल्टरपुढचा पाइप का तुंबला हे शोधत बसावं लागतं.